पन्नाशीनंतरचा धावपटू आणि दोन कठीण दिवसांमधले अंतर

वैद्यबंधूंनो, आपल्या चिकित्सालयाची पायरी अलीकडे एक वेगळाच रुग्ण चढू लागला आहे. त्याला ना मधुमेह, ना संधिवात. तो पन्नाशी ओलांडलेला असतो, पहाटे साडेचारला उठून धावतो, वर्षातून एकदा मुंबईच्या जानेवारीतील मॅरेथॉनला किंवा साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील शर्यतीला जातो आणि आपल्यासमोर बसून एवढेच विचारतो, "डॉक्टरसाहेब, वेग का पडतो आहे?" यवतमाळसारख्या जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आता वर्षाकाठी सात-आठ जण विचारतात, आणि त्यांपैकी निदान दोघे औषधविक्रेते असतात.

या प्रश्नाला आपण बहुधा दोन ठरीव उत्तरे देतो. पहिले असे की वय झाले, आता धावणे सोडा, चाला. दुसरे असे की रसायन घ्या आणि चालू ठेवा. दोन्ही अपुरी आहेत, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पन्नाशीनंतर कमी करायची असते ती कठीण सरावाची वारंवारता. त्याची तीव्रता टिकवायची असते. दोन कठीण दिवसांमध्ये किती दिवस जावेत याचे उत्तर भिंतीवरच्या सात दिवसांच्या कालनिर्णयातून मिळत नाही, ते धावणाऱ्याच्या देहातून काढावे लागते, असे माझे मत आहे.

ज्यांच्यामुळे हे मत बनले त्यांची हकीकत सांगतो. हे गृहस्थ आपल्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतात. माझ्यापेक्षा वयाने मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. त्रेचाळिसाव्या वर्षी धावू लागले. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, १ तास ४५ मिनिटांत पूर्ण केली. त्रेपन्नाव्या वर्षी तीच शर्यत १ तास ५३ मिनिटांवर गेली. किलोमीटरला पाच मिनिटे लागत तेथे ५ मिनिटे २१ सेकंद लागू लागले. त्या जानेवारीनंतर त्यांनी सराव वाढवला, वेग आणखी पडला, आणि ऑगस्टअखेरीस ते माझ्याकडे आले तेव्हा चौपन्न पूर्ण झाले होते.

त्यांचा आठवडा असा होता. मंगळवारी मैदानावर वेगाच्या फेऱ्या, गुरुवारी टेंपो म्हणजे सलग जलद धाव, शनिवारी चढावर धावणे, रविवारी वीस किलोमीटरची लांब धाव. उरलेल्या दिवशी हलके धावणे, तेही प्रत्यक्षात फारसे हलके नसे. एकूण ५५ किलोमीटर. सात दिवसांत चार कठीण दिवस, आणि शनिवार-रविवार तर लागोपाठ. हे वेळापत्रक त्यांनी तिशीतल्या एका मित्राकडून घेतले होते. याखेरीज सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत दुकानात उभे राहणे, झोपायला साडेअकरा, उठायला साडेचार.

लक्षणे पाहा. पहाटेची नाडी एरवी ५२ असे, ती ५८ ते ६० झाली होती. रात्री तीनला जाग येई आणि पुन्हा डोळा लागत नसे. भूक मंदावली होती. सकाळी पहिली पावले टाकताना टाचेमागची कंडरा आखडलेली असे. नेहमीच्या हलक्या वेगाने धावतानाही दम लागे. घरी चिडचिड वाढल्याचे वहिनींनी सांगितले. ते स्वतः सांगणार नव्हते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि हृदयालेख पाहिले, जिल्ह्याच्या ठिकाणी ट्रेडमिलवरील हृदयतपासणीही करून घेतली. सर्व ठीक निघाले. पन्नाशीनंतर ज्याला कठीण सरावाची मुभा द्यायची त्याची ही तपासणी आधी झालीच पाहिजे. धावताना छातीत दाब, अकस्मात भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप असेल तर पुढचा विचार करू नये, रुग्णास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. स्नायुदुखी सांगणारा रुग्ण कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेतो का, हेही विचारावे. ते औषध स्वतःच स्नायू दुखवू शकते.

येथे माझी चूक झाली. मी अश्वगंधा दिली, रात्री दूध सांगितले आणि आठ दिवस विश्रांती दिली. नाडी ५३ वर आली, झोप लागली, भाऊ खूश झाले, मीही झालो. त्यानंतर ते त्याच वेळापत्रकावर परतले, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा माझ्यासमोर होते. नाडी ५९, टाच अधिक दुखरी. मी थकवा उतरवला होता, थकव्याचे कारण जिथल्या तिथे ठेवले होते. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला पाठ आपण सारे पाठ करतो. धावपटूच्या बाबतीत निदान त्याच्या सरावाच्या वहीत असते, आणि मी ती वही मागितलीच नव्हती.

वय किती आणि थकवा किती, हे आधी वेगळे केले पाहिजे. सातत्याने सराव करणाऱ्यांची लांब पल्ल्याची वेळ पन्नाशीत दर वर्षी साधारण पाऊण ते एक टक्क्याने लांबते. भाऊंच्या १०५ मिनिटांवर ही वाढ वर्षाला सुमारे ५० सेकंद होते. एकोणपन्नास ते त्रेपन्न या चार वर्षांत वयाने फार तर साडेतीन-चार मिनिटे घ्यायला हवी होती. त्यांची आठ मिनिटे गेली होती. म्हणजे निम्मी हानी वयाच्या खात्यावर टाकताच येत नाही. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा भाऊ प्रथमच सराव कमी करण्यास राजी झाले. तोवर त्यांना वाटत होते की वयाशी लढायचे तर अधिक धावावे लागेल.

आता अंतराचे कारण. कठीण दिवसानंतर देहात दुरुस्तीची कामे एकाच वेळी सुरू होतात, पण संपतात वेगवेगळ्या वेळी. स्नायूंतील साखरेचा साठा पुरेसे खाल्ल्यास एक-दोन दिवसांत भरतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी माणसाला आपण ताजे झालो असे वाटते. कंडरेचे तसे नाही. जोराच्या श्रमानंतर पहिला दीड दिवस तिच्यातील कोलॅजनची झीज भरण्यापेक्षा अधिक असते. भर त्यानंतर झिजेवर मात करते, आणि ते काम तिसऱ्या दिवसापर्यंत चालते. दीड दिवसाच्या आत तिच्यावर पुन्हा जोर टाकला की झिजेवर झीज चढते. पन्नाशीनंतर स्नायूंचेही काम रेंगाळते, कारण त्याच आहारातून स्नायू पूर्वीइतके बांधले जात नाहीत आणि गाढ झोपेचा वाटा घटलेला असतो. पंचविशीत एक दिवस मध्ये गेला तरी चालते. चौपन्नाव्या वर्षी दोन लागतात, बहुधा तीन.

मग कठीण दिवस काढूनच का टाकू नयेत? कारण वेग त्यांच्यावरच टिकतो. प्राणवायू वापरण्याची देहाची कमाल क्षमता वयाबरोबर घटत जाते, आणि तीव्र सराव सोडणाऱ्यांत ती अधिक झपाट्याने घटते. अमेरिकेत हिक्सन यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग येथे उपयोगी आहेत. सरावाचे दिवस सहावरून चार किंवा दोन केले तरी तीव्रता तीच ठेवल्यास कमावलेली क्षमता पंधरा आठवडे टिकून राहिली. दिवस तेवढेच ठेवून तीव्रता उतरवली तेव्हा ती टिकली नाही. ते प्रयोग तरुणांवरचे आहेत, म्हणून त्यांतील आकडे आपल्या रुग्णास जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र घ्यावी.

येथे आपल्यापैकी अनेकांना अर्धशक्तीची आठवण होईल, आणि ती होणे योग्यच आहे. व्यायाम अर्ध्या बलाने करावा असे वाग्भट सांगतात. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास सुरू झाला, की बलार्ध झाले अशी खूण सुश्रुतांनी चिकित्सास्थानात दिली आहे. प्रामाणिकपणे बोलायचे तर शर्यतीच्या वेगाचा सराव ही मर्यादा ओलांडतो. शास्त्राचा आधार घेऊन तो स्वस्थवृत्तात बसवण्याची काही सहकाऱ्यांची धडपड मला पटत नाही. शर्यत हा छंद आहे, दिनचर्या नव्हे. मात्र त्याच खुणेचा दुसरा उपयोग अमोल आहे. हलका दिवस खरोखर हलका होता का, याची ती उत्तम कसोटी आहे. ज्या दिवशी नाकाने श्वास घेत, शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलत धावता आले तो हलका दिवस. भाऊंचे हलके दिवस या कसोटीला उतरत नव्हते. ते ५:५० च्या वेगाने धावत होते, आणि नाकाने श्वास राहण्यासाठी त्यांना ६:४० पर्यंत उतरावे लागले. पहिले दोन आठवडे त्यांना याची लाज वाटली, कारण मैदानावरची मुले पुढे निघून जात.

वाग्भटांनी अतिरेकाचा निषेध करताना व्यायामाच्या जोडीला जागरण, मार्गक्रमण आणि बोलणे यांचीही नावे घेतली आहेत, आणि हत्तीला ओढणाऱ्या सिंहाचा दृष्टान्त सर्वांना मिळून एकच दिला आहे. माझ्या वाचनात हा मुद्दा फार मोलाचा आहे. देह श्रमांची वेगवेगळी खाती ठेवत नाही. दुकानातील तेरा तासांचे उभे राहणे, गिऱ्हाइकांशी बोलणे आणि पाच तासांची झोप यांचा भार फेऱ्यांच्या भारातच मिळवावा लागतो. म्हणून सरावाला हात लावण्यापूर्वी आम्ही दुकान पाहिले. काउंटरमागे उंच स्टूल आले, कठीण दिवशी दुपारी दोन ते तीन दुकान मुलाकडे गेले, आणि रात्री साडेदहाला दिवा बंद. पहाटे साडेचारऐवजी साडेपाच. थंडीच्या दिवसांत यवतमाळात साडेपाचला धावायला निघाल्याने काही बिघडत नाही.

दहा दिवस पूर्ण विश्रांती घेऊन सप्टेंबरच्या मध्यानंतर नवे चक्र सुरू झाले. ते सात दिवसांचे नव्हते, दहा दिवसांचे होते. पहिल्या दिवशी एक हजार मीटरच्या पाच फेऱ्या, प्रत्येकी ४:५० च्या सुमारास, मध्ये तीन मिनिटे संथ धाव. दुसऱ्या दिवशी हलके सहा किलोमीटर, तिसऱ्या दिवशी विश्रांती आणि अभ्यंग, चौथ्या दिवशी हलके आठ. पाचव्या दिवशी शर्यतीचा अपेक्षित वेग, म्हणजे ५:१२ ने चार-चार किलोमीटरचे दोन तुकडे. सहाव्या दिवशी विश्रांती, सातव्या दिवशी हलके आठ. आठव्या दिवशी १८ किलोमीटर लांब धाव ६:३० च्या वेगाने. एकाआड एक चक्रात तिचे शेवटचे तीन किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. नवव्या दिवशी विश्रांती, दहाव्या दिवशी हलके सहा. कठीण दिवसांमध्ये अनुक्रमे तीन, दोन आणि दोन दिवस गेले. आधीची गरमाईची आणि नंतरची संथ धाव धरून दहा दिवसांत ६८ किलोमीटर होतात, म्हणजे आठवड्याला ५५ ऐवजी ४७-४८. किलोमीटर फारसे घटले नाहीत. कठीण दिवस मात्र सत्तर दिवसांत चाळीस होत होते, ते एकवीसवर आले. चढाचा दिवस मी पूर्ण काढला, कारण दुखऱ्या कंडरेवर सर्वाधिक ताण तोच देत होता.

दुकान स्वतःचे असल्याने भाऊंना दहाचे चक्र जमले. नोकरदारास रविवार सोडवत नाही. त्याला मी चौदा दिवसांचे चक्र सांगतो. एका रविवारी लांब धाव, त्यानंतरच्या गुरुवारी फेऱ्या, पुढच्या रविवारी शर्यतीचा वेग आणि त्यापुढच्या गुरुवारी थोड्या फेऱ्या. मध्ये तीन आणि दोन दिवस आळीपाळीने मिळतात, आणि चौदा दिवसांत कठीण दिवस चारच होतात.

कागदावरचे अंतर पुरेसे होते की नाही, हे कठीण दिवसाच्या पहाटे ठरवायचे. आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. अंथरुणातच मोजलेली नाडी आपल्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा पाच किंवा अधिक ठोक्यांनी वाढली आहे का? टाचेची आखड दहा मिनिटे चालल्यावरही राहते का? आणि आदल्या रात्रीचा आहार जीर्ण झाल्याची लक्षणे, म्हणजे शुद्ध ढेकर, मलमूत्राचा योग्य वेग, हलकेपणा, भूक आणि उत्साह, दिसतात का? यांपैकी दोन गोष्टी प्रतिकूल असतील तर त्या दिवशी हलकी धाव, आणि कठीण दिवस पुढे ढकलायचा. एकटी नाडी फसवते. उकाड्याच्या रात्रीनंतर ती चढते, बारीक तापात चढते, आणि बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची चढतच नाही. जीर्णाहारलक्षणे या कामी वापरण्याची कल्पना माझी आहे. ती शास्त्रोक्त आहे असा दावा नाही, पण भाऊंच्या वहीत सर्वांत आधी बिघडत होती ती भूकच, नाडी एक दिवस मागाहून. सराव सुरू झाल्यावरही एक कसोटी राहते. तिसरी फेरी पहिलीपेक्षा सहा सेकंदांहून अधिक मंदावली तर तेथेच थांबायचे.

ऑक्टोबरच्या उन्हात पहिल्या दोन चक्रांत ५:१२ चा वेग जमलाच नाही. ५:२४ वर श्रम तितकेच होत होते, म्हणून तोच धरला. थंडी पडू लागल्यावर वेग आपोआप खाली आला. दिवाळीत मात्र घोटाळा झाला. पाहुण्यांमुळे दोन दिवस बुडाले, आणि भाऊंनी भरपाई म्हणून फेऱ्या आणि शर्यतीच्या वेगाची धाव लागोपाठच्या दोन दिवशी केली. तिसऱ्या दिवशी जिना उतरवेना. बुडालेला कठीण दिवस बुडालाच समजायचा, हे मी सांगितले होते. बहुधा पुरेसे ठासून सांगितले नव्हते. एक पूर्ण चक्र हलक्या चालण्यात गेले. कंडरेसाठी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला, तो त्यांनी पुढेही चालू ठेवला.

आहाराचे थोडक्यात सांगतो. पन्नाशीनंतर स्नायूंची दुरुस्ती चालू होण्यासाठी एका वेळच्या आहारात देहभाराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.४ ग्रॅम प्रथिने लागतात. तरुणास पाव ग्रॅमच्या आसपास पुरतात. भाऊ साठ किलोचे, म्हणजे एका वेळी २४ ग्रॅम. धावून आल्यावर ते चहा आणि दोन बिस्किटे घेत, आणि सारी कसर रात्रीच्या जेवणात काढत. ते बदलले. मोठा पेला दूध, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि दोन उकडलेली अंडी, एवढ्यात गरज बहुतांशी भागते. अंडी न खाणाऱ्याने पनीर किंवा घट्ट वरणाची मोठी वाटी घ्यावी. अग्नी मंद असताना हे लादू नये, हे आपल्याला सांगायला नकोच.

जानेवारीत, चौपन्नाव्या वर्षी, भाऊंनी अर्धमॅरेथॉन १ तास ४९ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केली. शेवटच्या दहा दिवसांत एकच कठीण दिवस ठेवला होता. एकोणपन्नाशीतील १ तास ४५ परत आला नाही, आणि तो येईल असे मी सांगितलेही नव्हते. पाच वर्षांचे वय जेवढे घेते साधारण तेवढेच गेले. एका माणसाच्या एका शर्यतीवरून सिद्धान्त काढता येत नाही, हे मला ठाऊक आहे. झोप वाढली, आहार बदलला, हलके दिवस हलके झाले. श्रेय कोणाचे किती, हे मला वेगळे करून दाखवता येणार नाही. पण त्यानंतर तिघांना याच रीतीने चालवले. दोघांना उपयोग झाला. तिसऱ्यांनी तीन चक्रांनंतर शनिवार-रविवारची जोडी पुन्हा सुरू केली.

कोणी कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांचे उदाहरण पुढे करतात. २००४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी टोरांटोत पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत धावली, आणि ते तर रोज दोन-तीन तास धावत, मग विश्रांतीचे एवढे कौतुक कशाला, असा युक्तिवाद असतो. व्हिटलॉक रोज धावत हे खरे. पण घराजवळच्या स्मशानभूमीतील त्यांच्या त्या फेऱ्या अगदी संथ असत, आणि जोराचा सराव ते बहुतेक शर्यतींतच उरकत. म्हणजे त्यांचे कठीण दिवस आपल्या भाऊंच्या जुन्या आठवड्यापेक्षा कितीतरी विरळ होते. शिवाय दुखापतींनी त्यांचेही महिनेच्या महिने वाया गेले.

यवतमाळच्या उन्हाळ्याचे वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत रात्रही तापलेली असते, झोप तुटते, पहाटेही घाम वाळत नाही. ग्रीष्मात व्यायाम अर्धशक्तीहूनही कमी करावा हे आपले वचन येथे अक्षरशः पाळावे. या दोन महिन्यांत मी दहा दिवसांत एकच कठीण दिवस देतो, तोही घड्याळ न लावता. वेग टिकवण्याचा खरा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मागणारा पन्नाशीचा धावपटू तुमच्या काउंटरवर येतो. घाम गेलेल्या देहात ही औषधे वृक्कांवर ताण आणतात, आणि कंडरेची सूचना दाबून टाकतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. तसेच 'ताकदीची' म्हणून येणारी, घटकद्रव्यांची यादी नसलेली चूर्णे त्याला देऊ नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडण्याचा अनुभव आपल्या व्यवसायाला नवा नाही, आणि दोन दिवसांत थकवा पळवणारे चूर्ण पाहिले की माझा पहिला संशय तोच असतो. भाऊ आता अशा गिऱ्हाइकाला आधी विचारतात, मागचा कठीण दिवस कधी झाला. उत्तर 'काल' असले तर गोळी देत नाहीत, बाकावर बसवून चहा पाजतात.